साठ शब्दांत लेखक-परिचय: खरा, नेमका आणि बढाईविना

परिषदेची कार्यक्रमपत्रिका तयार करताना सगळ्यात उशिरा येणारा मजकूर म्हणजे लेखक-परिचय, आणि सगळ्यात जास्त दुरुस्त्या त्यालाच लागतात. निबंधाचा सारांश लोक चार-चार वेळा तपासून पाठवतात. परिचय मात्र शेवटच्या दिवशी जुन्या अर्जातून उचलून येतो. मी बरीच वर्षं एका शोधनियतकालिकासाठी, आणि अधूनमधून परिषदांसाठीही, असे परिचय वाचते, कापते आणि शंका विचारून लेखकांकडे परत पाठवते. बढाईखोर वाटणारे परिचय लिहिणारी माणसं प्रत्यक्षात बहुतेकदा साधी आणि मेहनती असतात. त्यांनी तो मजकूर मुळात निवड समितीसाठी लिहिलेला असतो. तिथे स्वतःची बाजू मांडावीच लागते. तोच मजकूर कार्यक्रमपत्रिकेत आला की खटकतो, कारण इथला वाचक निवड करायला बसलेला नसतो. त्याला एवढंच हवं असतं: या विषयावर बोलणारी ही व्यक्ती कोण, आणि या कामाशी तिचा संबंध काय?

हा प्रश्न समोर ठेवला की काय ठेवायचं आणि काय गाळायचं याचा निर्णय बराच सोपा होतो. ते कसं, हे एका मसुद्यावरच दाखवते. व्यक्ती कल्पित आहे, पण मसुद्यातलं प्रत्येक वाक्य माझ्याकडे या ना त्या रूपात अनेकदा आलेलं आहे. परिषदेत ही संशोधिका रस्त्यावरच्या दिव्यांचा रंग आणि पतंग यांच्याविषयी निबंध वाचणार आहे. पतंग म्हणजे रात्री दिव्याभोवती घिरट्या घालणारे कीटक. परिचयाची मर्यादा 60 शब्दांची आहे आणि तिने पाठवलेला मसुदा असा:

«डॉ. ____ या निशाचर कीटकांच्या अभ्यासातील आघाडीच्या संशोधिका असून लहानपणापासूनच त्यांना निसर्गाची विलक्षण ओढ आहे. त्यांनी बी.एस्सी. (प्रथम श्रेणी) व एम.एस्सी. (विशेष प्रावीण्य) या पदव्या संपादन केल्या असून नुकतीच पीएच.डी. पूर्ण केली आहे. सध्या त्या एका नामांकित विद्यापीठात अध्यापनाचे कार्य करतात. कृत्रिम प्रकाशाच्या परिणामांवर त्यांनी मूलगामी संशोधन केले आहे. त्यांचे 14 शोधनिबंध आंतरराष्ट्रीय ख्यातीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाले आहेत. एका प्रतिष्ठित पुरस्कारासाठी त्यांना नामांकन मिळाले होते. वाचन, प्रवास आणि छायाचित्रण हे त्यांचे छंद आहेत.»

मर्यादेपेक्षा थोडाच जास्त आहे, असं वरवर वाटतं. तरीही शब्द मोजून कापायला मी लगेच बसत नाही. आधी एकेक विधान घेऊन विचारते की हे खरं आहे का. लांबीचा प्रश्न त्यानंतरचा, कारण तपासणीत निम्मा मजकूर आपोआपच गळतो.

पहिलाच शब्द ‘डॉ.’. चौकशी केल्यावर कळतं की प्रबंध सादर झालाय, मौखिक परीक्षा व्हायची आहे. परिषद चार महिन्यांनी आहे, तोवर पदवी मिळेलच, म्हणून तिने आत्ताच लिहून टाकलं. हेतू वाईट नाही. पण परीक्षकांनी दुरुस्त्या सुचवल्या तर महिने वाढतात, आणि छापलेली पत्रिका परत घेता येत नाही. परिचयातलं प्रत्येक विधान पाठवण्याच्या दिवशी खरं असलं पाहिजे. म्हणून इथे ‘पीएच.डी.चा प्रबंध 2025 मध्ये सादर केला आहे’ एवढंच लिहायचं. पदवी वेळेत मिळालीच तर आयोजकांना एक ओळ पाठवून बदल करून घेता येतो. या टप्प्यांमधला फरक त्या क्षेत्रातल्या लोकांना नेमका कळतो. प्रवेश घेतलेला विद्यार्थी, पात्रता परीक्षा पार करून प्रबंधावर काम करणारा, प्रबंध सादर केलेला आणि पदवी मिळालेला या चार वेगळ्या अवस्था आहेत, आणि ‘पूर्ण केली’ हे शेवटच्या अवस्थेलाच लागू पडतं.

‘आघाडीच्या संशोधिका’ आणि ‘मूलगामी संशोधन’ हे शब्द मी काढते, आणि लेखक बहुतेकदा नाराज होतात. त्यांना वाटतं, मी त्यांचं काम कमी लेखतेय. माझं म्हणणं वेगळं असतं. ‘आघाडीच्या’ हा दुसऱ्याने द्यायचा निर्णय आहे, आणि वाचकाला तो पडताळून पाहायची सोय नाही. ‘मूलगामी’ वाचूनही तिने नेमकं काय केलं हे कळत नाही. म्हणून मी विचारते: किती दिवे? किती वर्षं? कुठे? उत्तर येतं की 2022 ते 2024 अशी तीन वर्षं, शेतांलगतच्या रस्त्यांवरचे 48 दिवे, काही पांढरे, काही पिवळसर, आणि प्रत्येकाखाली येणाऱ्या पतंगांच्या नोंदी. हे ऐकल्यावर ‘मूलगामी’ म्हणायची गरजच उरत नाही. तीन वर्षं रात्री-बेरात्री 48 दिव्यांखाली उभं राहणं म्हणजे काय, हे सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला कळतं. विशेषण काढून त्याच्या जागी केलेलं काम लिहिलं की परिचय वजनदार होतो, आणि बढाईचा सूरही जातो.

याच उत्तरात आणखी एक गोष्ट निघाली. नोंदी तिघांनी मिळून घेतल्या होत्या. मसुद्यात सगळं एकटीच्या नावावर होतं. तेही जाणूनबुजून नव्हे. परिचयाचं वाक्य एका व्यक्तीपासून सुरू होतं, आणि मग सगळी क्रियापदं तिच्याच खात्यात जमा होत जातात. ‘दोन सहकाऱ्यांसह’ हे दोनच शब्द घातले की विधान खरं होतं. श्रोत्यांत ते सहकारी बसलेले असतील तर या दोन शब्दांचं मोल वेगळं सांगायला नको.

आता ‘14 शोधनिबंध’. आकडा दिला की अचूकता आली असं वाटतं, पण सगळ्यात जास्त चुका मला आकड्यांतच सापडतात. यादी मागवल्यावर हिशेब असा लागला: नियतकालिकांत प्रसिद्ध झालेले लेख पाच, छापायला स्वीकारलेला एक, परीक्षणाखाली असलेले दोन, आणि परिषदांच्या स्मरणिकांत छापलेले सारांश सहा. बेरीज चौदाच होते, पण ‘नियतकालिकांत प्रसिद्ध झाले आहेत’ हे त्यातल्या पाचांनाच लागू. परीक्षणाखालचा लेख नाकारला जाऊ शकतो, म्हणून तो परिचयात मोजायचाच नाही. स्वीकारलेला सांगायचा असेल तर ‘स्वीकृत’ असं म्हणून वेगळा सांगायचा. सारांशाला कोणी शोधनिबंध म्हणत नाही.

मग ‘पाच शोधनिबंध’ लिहायचं का? मी तेही सुचवत नाही. नुसत्या संख्येवरून या निबंधाशी असलेला संबंध कळत नाही. पाचपैकी दोन लेख छायाचित्रांवरून पतंगांच्या प्रजाती ओळखण्याच्या पद्धतीवर होते आणि दोन्हींत ती पहिली लेखिका होती. आज ती जे आकडे मांडणार आहे ते याच पद्धतीवर उभे आहेत. श्रोत्याच्या दृष्टीने हे दोनच लेख महत्त्वाचे. ‘आंतरराष्ट्रीय ख्यातीचे’ हे विशेषणही नको. नियतकालिक खरंच नावाजलेलं असेल तर त्याचं नाव पुरतं.

काही जण इथे एच-निर्देशांक लिहितात. एखाद्या संशोधकाच्या किमान दहा लेखांना प्रत्येकी किमान दहा संदर्भ मिळाले असतील, आणि अकरा लेखांना अकरा नसतील, तर त्याचा एच-निर्देशांक 10. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी 2005 मध्ये हे माप सुचवलं. अडचण अशी की गूगल स्कॉलर, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या लेखांच्या सूचींवर एकाच व्यक्तीचा आकडा वेगवेगळा येऊ शकतो, कारण प्रत्येकजण वेगवेगळे स्रोत मोजतो. शिवाय तो काळानुसार वाढत जातो आणि विषयागणिक त्याचा अर्थ बदलतो. साठ शब्दांच्या परिचयात हा खुलासा मावत नाही, म्हणून तो आकडाही तिथे नको.

नामांकनाचं वाक्य मी जवळजवळ नेहमीच काढते. नामांकन हा शब्द फार सैल वापरला जातो. कुठे तो परीक्षकांनी निवडलेल्या अंतिम यादीसाठी असतो, तर कुठे कोणीही अर्ज भरला की झालं नामांकन. अमेरिकेतल्या पुलित्झर पुरस्काराचं उदाहरण घ्या. तिथे ठरावीक शुल्क भरून प्रवेशिका पाठवता येते. परीक्षक मंडळाने निवडलेले अंतिम स्पर्धक तेवढे ‘नॉमिनेटेड फायनलिस्ट’, आणि नुसती प्रवेशिका पाठवणाऱ्याने स्वतःला नामांकित म्हणू नये असं पुरस्कार देणारेच सांगतात. नोबेलची तर नामांकनंच 50 वर्षं गुप्त ठेवायची असा नियम आहे. त्यामुळे हयात माणसाच्या परिचयात अलीकडचं ‘नोबेलसाठी नामांकन’ दिसलं की ते पडताळायचा अधिकृत मार्गच नसतो. तुमचं नाव अंतिम यादीत होतं आणि पुरस्काराचा विषयाशी संबंध आहे, तर पुरस्काराचं नाव आणि वर्ष देऊन ‘अंतिम यादीत’ असं स्पष्ट लिहा. ‘एका प्रतिष्ठित पुरस्कारासाठी’ अशी मोघम शब्दयोजना मात्र वाचकाच्या मनात शंकाच निर्माण करते. नाव सांगण्यासारखं असतं तर सांगितलं असतं, असं त्याला वाटतं.

‘नामांकित विद्यापीठात अध्यापनाचे कार्य’ इथेही तेच. विद्यापीठाचं नाव, विभागाचं नाव आणि पद, या तीन गोष्टी हव्यात. तिचं पद अर्धवेळ होतं आणि तिला ते लिहायचा संकोच होता. ‘अर्धवेळ’ लिहायलाच हवं असं नाही. ‘प्राणिशास्त्र शिकवतात’ हेही खरंच आहे. पण पदनाम लिहायचं असेल तर नियुक्तिपत्रात आहे तेच लिहावं. अर्धवेळ अध्यापक, अतिथी संशोधक, सहायक प्राध्यापक आणि सहयोगी प्राध्यापक हे वाचणाऱ्याला एकसारखे वाटू शकतात, पण संस्थेच्या दृष्टीने वेगळे आहेत आणि चुकीचं पदनाम छापून आलं तर संस्था हरकत घेऊ शकते. संशोधन एका संस्थेत झालं आणि आता नोकरी दुसरीकडे असेल, तर निबंधावर काम जिथे झालं ती संस्था येते आणि परिचयात आजची. दोन्हींत फरक दिसला तर तो चूक नव्हे.

पदव्यांची श्रेणी आणि बालपणीची ओढ मी एका फटक्यात काढते. पीएच.डी.पर्यंत पोचलेल्या व्यक्तीची बी.एस्सी.ची श्रेणी इथे कोणाला लागत नाही.

छंदांचं वाक्यही असंच काढणार होते, पण छायाचित्रणापाशी थांबले. तिच्या पद्धतीत पतंग मारायचा नाही, त्याचं छायाचित्र घ्यायचं आणि पंखांवरच्या खुणांवरून प्रजाती ठरवायची. म्हणजे तो छंद नव्हता, कामाचं साधन होतं. म्हणून छंदांच्या यादीतून ते उचलून पद्धतीच्या वाक्यात आणलं. मसुदा तपासताना असा एखादा तपशील चुकीच्या जागी पडलेला हमखास सापडतो, आणि बऱ्याचदा परिचयातलं सगळ्यात उपयोगी वाक्य त्यातूनच तयार होतं.

इतकं झाल्यावर उरलेला परिचय असा:

«____ या ____ विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात अर्धवेळ अध्यापक आहेत. रस्त्यावरच्या दिव्यांच्या रंगाचा पतंगांच्या वावरावर काय परिणाम होतो, याचा त्या अभ्यास करतात. 2022 ते 2024 या काळात त्यांनी दोन सहकाऱ्यांसह शेतांलगतच्या 48 दिव्यांखालच्या पतंगांच्या नोंदी घेतल्या. याच विषयावरचा पीएच.डी.चा प्रबंध त्यांनी 2025 मध्ये सादर केला आहे. छायाचित्रांवरून पतंगांच्या प्रजाती ओळखण्याच्या पद्धतीवर त्यांचे दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले आहेत.»

नाव धरून साठच्या आत बसतो. क्रम पाहा: आधी व्यक्ती कुठे आहे, मग विषय, मग केलेलं काम, आणि शेवटी त्या कामाचा पुरावा. आयोजकांनी जागेअभावी मर्यादा 30 शब्दांवर आणली तर शेपूट कापून चालत नाही, वाक्यं नव्याने जुळवावी लागतात:

«____ या ____ विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवतात. रस्त्यावरच्या दिव्यांच्या रंगाचा पतंगांच्या वावरावर होणारा परिणाम हा त्यांचा अभ्यासविषय असून त्यावरचा पीएच.डी.चा प्रबंध त्यांनी 2025 मध्ये सादर केला आहे.»

दोन्ही परिचय तृतीय पुरुषात आहेत. स्वतःविषयी ‘त्या अभ्यास करतात’ असं लिहिताना अनेकांना अवघडल्यासारखं होतं. आपणच आपल्याला आदरार्थी संबोधतोय असं वाटतं. पण हा मजकूर संपादकाच्या किंवा सूत्रसंचालकाच्या तोंडी जाणार असतो आणि तो तुम्हाला ‘त्या’ किंवा ‘ते’ असंच म्हणणार. म्हणून हा आदर संकेताचा आहे, तो बिनदिक्कत वापरावा. मात्र ‘संपादन केल्या’, ‘अध्यापनाचे कार्य करतात’, ‘भूषवले आहे’ अशी सन्मानपत्राची भाषा टाळावी. ‘मिळवल्या’, ‘शिकवतात’, ‘होत्या’ ही क्रियापदं पुरेशी आदरयुक्त आहेत आणि कमी जागा घेतात. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे तोच मजकूर इंग्रजीत नेला की शब्दसंख्या वाढते. दोन्ही भाषांत परिचय द्यायचा असेल तर इंग्रजी मसुदा वेगळा मोजून घ्या. काही अर्जांत मर्यादा शब्दांची नसून अक्षरांची असते, तीही रिकाम्या जागा धरून, आणि ती ओलांडली की मजकूर वाक्याच्या मधेच तुटतो.

बढाईच्या उलट टोकाची चूकही मला तितकीच खटकते. ‘या क्षेत्रातली एक सामान्य विद्यार्थिनी’, ‘अभ्यासाचा अल्पसा प्रयत्न’ असे परिचय येतात. तीन वर्षांच्या नोंदींना अल्पसा प्रयत्न म्हणणं हे ‘मूलगामी’ म्हणण्याइतकंच चुकीचं आहे, आणि त्यातूनही वाचकाला माहिती काहीच मिळत नाही. नम्रतेसाठी वेगळा शब्द लागत नाही. 48 दिवे आणि दोन सहकारी लिहिले की ती त्यातच आलेली असते.

काळाचे शब्द हा शेवटचा मोठा सापळा. परिचय आज लिहिला जातो, परिषदेत काही महिन्यांनी वाचला जातो, आणि नियतकालिकाच्या अंकात तर वर्षानुवर्षं राहतो. ‘सध्या’, ‘नुकतेच’, ‘गेल्या वर्षी’, ‘लवकरच प्रकाशित होणारे’ हे शब्द लिहिल्या दिवसापासून शिळे व्हायला लागतात. एका परिषदेत सूत्रसंचालकांनी वक्त्यांचा परिचय वाचला, ‘त्यांचे पुस्तक लवकरच येत आहे’, आणि वक्त्यांनी माइक हातात घेऊन पहिलं वाक्य बोललं ते ‘पुस्तक दोन वर्षांपूर्वीच आलं’ हे. परिचय जुन्या परिषदेसाठी लिहिलेला होता. वर्ष घातलं की हा प्रश्न मिटतो: ‘2023 मध्ये प्रसिद्ध’, ‘2024 पासून अध्यापक’. आणि फाइलच्या नावात लिहिल्याची तारीख असू द्या, म्हणजे पुढच्या वेळी ती उघडताना किती जुनी आहे हे आधीच दिसेल.

लिहिण्याआधी त्या ठिकाणची सूचना वाचायला विसरू नका. काही प्रकाशनांचा साचा ठरलेला असतो. आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेच्या नियतकालिकांच्या नमुन्यात पहिल्या परिच्छेदात शिक्षण येतं, आणि त्यात पदवी, विषय, संस्था, शहर, देश आणि वर्ष इतकं सगळं लागतं. दुसऱ्यात कामाचा अनुभव, तिसऱ्यात सदस्यत्वं आणि पुरस्कार. तिथे माझा वरचा छोटा नमुना चालणार नाही. ज्या नियतकालिकात लेखकाचं नाव परीक्षकांपासून लपवलं जातं, तिथे परिचय निबंधाच्या फाइलमध्ये ठेवायचाच नाही, वेगळा पाठवायचा. ‘48 दिव्यांखालच्या नोंदी’ एवढ्या एका तपशिलावरूनही परीक्षक लेखक ओळखू शकतो.

ऑर्किड क्रमांक मागितला असेल तर तो परिचयाच्या शेवटी द्या. हा 16 अंकांचा, चार-चारच्या गटांत लिहिलेला क्रमांक 2012 पासून दिला जातो आणि एकाच नावाच्या दोन संशोधकांची गल्लत टाळतो. शेवटच्या जागी कधीकधी अंकाऐवजी X असतो, ती चूक समजून काढू नका. शेवटचा अंक आधीच्या पंधरांवरून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे एखादा अंक चुकीचा टंकला तर तपासणीत ते उघड होतं. तरी तो हाताने न टंकता स्वतःच्या खात्यातूनच उचलावा. आणि नाव मात्र निबंधावर जसं आहे तसंच परिचयात, आद्याक्षरांसकट.

पाठवण्याआधी परिचय एकदा मोठ्याने, सभेत वाचावा तसा वाचा. साठ शब्दांना साधारण अर्धा मिनिट लागतो. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोडा. नावाचा उच्चार कठीण असेल तर आयोजकांना तो वेगळा लिहून कळवा. ती टीप छापली जात नाही, सूत्रसंचालकाच्या कागदावर जाते. आणि पतंगांवरच्या त्या संशोधिकेची मौखिक परीक्षा परिषदेच्या तीन आठवडे आधी पार पडून पदवी जाहीर झाली, तर तिने आयोजकांना पाठवायची ओळ एवढीच: «पत्रिका छापली नसेल तर माझ्या परिचयातल्या चौथ्या वाक्यात ‘याच विषयावर त्यांना 2025 मध्ये पीएच.डी. मिळाली’ असा बदल करावा. छापली असेल तर सूत्रसंचालकांना कळवावे, ही विनंती.»